नाव, जन्मसाल आणि @123

ई-आधारची फाइल उघडायला लागणारा पासवर्ड आपल्याकडे घराघरात पाठ आहे. नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. आधार प्राधिकरणाने स्वतः दिलेलं उदाहरण असं आहे: नाव सुरेश कुमार, जन्म 1990, पासवर्ड `SURE1990`. ही फाइल चुकून भलत्याच्या हाती लागली तर सहज उघडू नये, एवढंच त्या कुलपाचं काम आहे. ज्याला तुमचं नाव आणि अंदाजे वय माहीत आहे त्याला ती पाच मिनिटांत उघडता येते. तरीही पासवर्ड म्हणजे नाव अधिक साल हा धडा आपण याच फाइलीवर गिरवला आणि पुढे जीमेल, बँक, शाळेचं अॅप, सगळीकडे तोच वापरला असं मला वाटतं. घरच्या मंडळींसाठी पासवर्डच्या सवयींचा व्हिडिओ करायचा, तर सुरुवात इथूनच करावी.

व्हिडिओ भिवंडीतल्या एका घराचा आहे असं धरू. घर काल्पनिक, पण ओळखीचं. कामतघरला राहणारं कुटुंब, बाबांचा लूमचा छोटा कारखाना, ग्रे कापडाची जॉबवर्कची बिलं करायला कारखान्याच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर. आई घरून साड्या विकते, ताई अकरावीच्या प्रवेशाच्या गडबडीत आहे, आजोबांना टोरंट पॉवरचं बिल मोबाइलवरून भरता येऊ लागल्याचा अभिमान आहे. सहा-सात मिनिटांत सहा प्रसंग. प्रत्येकात आधी चूक दाखवायची, मग त्या चुकीचा फायदा नेमका कसा घेतला जातो ते, आणि मग सवय. टोपी घातलेला चोर आणि अंधाऱ्या खोलीतले हिरवे आकडे मुळीच दाखवू नयेत. ते दिसले की आजोबांना वाटतं, हे आपल्याबद्दल नाही.

पहिला प्रसंग आईचा. साड्यांच्या व्यवहारासाठी ती नवं खातं उघडते आणि टाइप करते `Vaishali@1981`. पडद्यावर हिरवी पट्टी येते: पासवर्ड मजबूत आहे. कॅपिटल आहे, आकडे आहेत, चिन्ह आहे, एकूण तेरा अक्षरं आहेत. पट्टी नियम मोजते, पण या पासवर्डमागचा साचा तिला ओळखता येत नाही.

चोर तो साचा ओळखतो. हे कसं ते सांगण्यासाठी इथे व्हिडिओ थोडा थांबवावा लागेल. कुठलीही बरी कंपनी तुमचा पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. गणिती प्रक्रियेने त्याचा एक ठरावीक लांबीचा ठसा काढून तो साठवते. ठशावरून मागे जाऊन पासवर्ड काढता येत नाही. त्यामुळे ठशांची यादी चोरीला गेली, की चोर स्वतः पासवर्डचे अंदाज करतो, प्रत्येकाचा तसाच ठसा काढतो आणि जुळतो का ते पाहतो. हे काम त्याच्या स्वतःच्या मशीनवर चालतं. तिथे तीन चुकांनंतर खातं बंद होण्याची भानगड नसते. 2020 मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती अशीच बाहेर गेली आणि 2021 च्या एप्रिलमध्ये ती इंटरनेटवर उघड्यावर आली. तिच्यात नावं, पत्ते, फोन नंबर, जन्मतारखा होत्या आणि पासवर्डचे ठसेही होते. ठसे काढायला वापरलेली पद्धत होती एसएचए-1. ती वेगवान आहे, म्हणजे चोराच्या सोयीची.

आता आईच्या पासवर्डचा हिशोब करू. आपल्याकडची नेहमीची दोन हजार नावं घ्या. जन्मसालं ऐंशी. मध्ये `@` की `#` की काहीच नाही, पहिलं अक्षर कॅपिटल की नाही, अशा वीस तऱ्हा धरा. गुणाकार येतो 32 लाख. साधारण ताकदीचं ग्राफिक्स कार्ड अशा वेगवान पद्धतीत सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासतं. सेकंदाला 1,000 कोटी धरले तर ही पूर्ण यादी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत संपते. आणि चोरलेल्या माहितीत नाव आणि जन्मतारीख शेजारीच असेल, तर 32 लाखांचीही गरज उरत नाही.

नाव, जन्मसाल, लग्नाचा वाढदिवस, गाडीचा नंबर, मुलाचं लाडकं नाव, `@123`: यांपैकी काहीही पासवर्डमध्ये नको, ही पहिली सवय. कॅपिटल-आकडा-चिन्ह हा आग्रह आला कुठून, तेही जाता जाता सांगायला हरकत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेची 2003 ची मार्गदर्शिका त्याच्या मुळाशी होती. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी 2017 मध्ये, आपण दिलेल्या बऱ्याचशा सल्ल्याचा पश्चात्ताप होतो असं जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी संस्थेने नियम बदलले: लांबीला महत्त्व द्या, चिन्हांची सक्ती करू नका, आणि पासवर्ड फुटल्याचं कारण नसेल तर दर काही महिन्यांनी तो बदलायलाही लावू नका. बदलायला लावलं की माणसं 1981 च्या जागी 1982 करतात. म्हणून ‘दर महिन्याला पासवर्ड बदला’ हे वाक्य आपल्या व्हिडिओत नाही.

मग ठेवायचा काय? दुसरा प्रसंग सगळ्या घराचा, आणि माझ्या मते व्हिडिओचा खरा जीव यातच आहे. चूक ताई करते. ती म्हणते, “मी पाच शब्द मनानेच निवडते.” आणि निवडते आई, बाबा, देव, भिवंडी, गणपती. माणसाला मनाने निवडायला सांगितलं की तो ओळखीच्याच वस्तू उचलतो, आणि ओळखीच्या वस्तूंची यादी चोराकडेही असते. निवड मनाने करायचीच नाही. ती चिठ्ठ्यांवर सोपवायची.

परदेशात यासाठी फासे वापरतात. एका शब्दाला पाच फासे टाकायचे आणि 7,776 शब्दांच्या छापील यादीतून तो शब्द घ्यायचा. आपल्याकडे त्याहून सोपं साधन घरात पडलेलं असतं: हाउजीचा डबा. त्यात 1 ते 90 आकडे असतात. नव्वदपेक्षा जास्त पानांचं कुठलंही मराठी पाठ्यपुस्तक घ्या. डबा हलवून एक सोंगटी काढा, तो पानाचा नंबर. सोंगटी परत डब्यात टाका, पुन्हा हलवा, दुसरी काढा. त्या पानावरचा तितकावा शब्द घ्या. शब्द ‘आणि’, ‘आहे’, ‘तो’ असा अगदी छोटा निघाला, किंवा त्या जागी चित्र आलं, तर दोन्ही सोंगट्या पुन्हा काढा. असे पाच शब्द काढायचे.

समजा निघाले: डोंगर, पावती, खिडकी, हळद, तराजू. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर हे असं होतं:

```
dongar pavati khidki halad tarazu
```

हे उदाहरण छापून आलं, म्हणजे ते आता वापरायचं नाही. व्हिडिओतही शब्द पडद्यावर दाखवले की ते बाद. ज्यात शब्द दिसतील ते रेकॉर्डिंग खोट्या सोंगट्यांवर करावं.

याचा हिशोब असा. दोन सोंगट्यांना 90 गुणिले 90, म्हणजे 8,100 जागा. पुस्तकात बरेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, म्हणून निम्मे धरू: 4,000. पाच शब्द, म्हणजे 4,000 ला पाच वेळा गुणायचं. उत्तर येतं एकावर अठरा शून्यांच्या आसपास. मघाच्याच वेगाने, सेकंदाला 1,000 कोटी अंदाज करत गेलं तरी पूर्ण यादी संपायला तीन वर्षांहून अधिक लागतात. कंपनीने मुद्दाम संथ केलेली पद्धत वापरली असेल, तर तो काळ हजारो पटींनी वाढतो. चोराला आपली हाउजीची युक्ती आणि पुस्तकाचं नाव दोन्ही ठाऊक आहे असं धरूनच हा आकडा काढला आहे. युक्ती गुप्त राहण्यावर इथे काहीच अवलंबून नाही.

यात दोन अडचणी नक्की येतात. पहिली स्पेलिंगची: हळद `halad` की `halada`, तराजू `tarazu` की `taraju`? पहिल्यांदा लिहिलं तेच कायम, आणि कागदावर रोमन अक्षरांतच लिहून ठेवायचं. दुसरी म्हणजे काही पोर्टल इतका लांब पासवर्ड घेतच नाहीत, आणि वर आकडा आणि चिन्ह मागतात. तिथे पाच शब्दांचा हट्ट धरू नये. पासवर्ड मॅनेजरकडून बारा-पंधरा अक्षरांचा अर्थहीन पासवर्ड बनवून घ्यावा. हाउजीची मेहनत फक्त दोन-तीन ठिकाणांसाठी आहे: मुख्य ईमेल, पासवर्ड मॅनेजर आणि हवं तर कारखान्याचा कॉम्प्युटर.

तिसऱ्या प्रसंगातली चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि ती हुशार माणसं करतात. बाबांनी हाउजीतून काढलेला तो भक्कम पासवर्ड जीमेलला लावला, आवडला, मग तोच यार्नवाल्याच्या ऑर्डरच्या अॅपला, क्रिकेटच्या अॅपला आणि ताईच्या क्लासच्या वेबसाइटलाही लावला. यातली एखादी वेबसाइट इतकी गबाळी निघते, की तिने पासवर्ड ठसा न काढता सरळ साठवलेले असतात. अमेरिकेतल्या रॉकयू या कंपनीने हेच केलं होतं. 2009 मध्ये तिचे 3 कोटी 20 लाख पासवर्ड जसेच्या तसे बाहेर आले. त्यात `123456` हा एकच पासवर्ड सुमारे 2 लाख 90 हजार लोकांचा होता. पण भक्कम पासवर्ड ठेवणारेही त्याच यादीत होते. अशा वेळी चोराला अंदाज करावाच लागत नाही. तो ईमेल आणि पासवर्डची जोडी उचलतो आणि एका प्रोग्रामकडून ती शेकडो दुसऱ्या ठिकाणी लावून बघतो. जिथे लागेल तिथे आत.

याचं घराघराशी जोडलेलं उदाहरण 2023 चं आहे. 23अँडमी ही लाळेवरून वंशावळ सांगणारी अमेरिकन कंपनी. दुसरीकडून फुटलेले पासवर्ड लावून चोरांनी तिची सुमारे 14,000 खाती उघडली. पण तिथे नातेवाईक एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे या चौदा हजारांच्या आडून सुमारे 69 लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. त्या 69 लाखांचा पासवर्ड फुटलाच नव्हता. त्यांच्या कुठल्यातरी चुलत भावाचा फुटला होता. ‘माझ्या खात्यात काय आहे चोरण्यासारखं’ असं म्हणणाऱ्या काकांना हा प्रसंग जरूर दाखवा.

प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, ही तिसरी सवय. मूळ शब्दापुढे `gmail`, `amazon` असं जोडणं म्हणजे वेगळा पासवर्ड नव्हे. एक जोडी पाहिली की दुसरी कुणालाही कळते. आपला ईमेल कुठल्या गळतीत सापडला का, ते `haveibeenpwned.com` वर पाहता येतं. ऑस्ट्रेलियातल्या ट्रॉय हंट यांनी 2013 पासून ते चालवलं आहे. तिथे फक्त ईमेल टाकायचा. बिगबास्केटचं नाव निघालं, तर तेव्हाचा पासवर्ड आज आणखी कुठे वापरात आहे ते शोधून तिथला बदलायचा.

वेगळे तीस पासवर्ड लक्षात कोण ठेवणार, हा प्रश्न घरात लगेच येतो, आणि तो रास्त आहे. म्हणून चौथा प्रसंग पासवर्ड ठेवण्याच्या जागेचा. आई सगळे पासवर्ड स्वतःलाच व्हॉट्सअॅप करून ठेवते. ताई डायरीच्या पानाचा फोटो काढते आणि तो आपोआप ऑनलाइन गॅलरीत जातो. मग फोन दुरुस्तीला दिला की पासवर्डही दुकानात जातात. याउलट घरातल्या कपाटातली वही वाईट नाही. दूरदेशीच्या चोराचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही. प्रश्न फक्त घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आहे, आणि तो कुलपाने सुटतो. आजोबांना मी वहीच देईन.

बाकीच्यांसाठी फोनमधला किंवा ब्राउझरमधला पासवर्ड मॅनेजर. त्याचा एक फायदा फारसा सांगितला जात नाही. तो पासवर्ड पत्त्यानुसार भरतो. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’ असा मेसेज आला, लिंक उघडली, पान हुबेहूब बिलाच्या पोर्टलसारखं दिसलं, तरी पत्ता वेगळा असल्यामुळे मॅनेजर तिथे काहीच भरत नाही. नेहमी आपोआप भरलं जाणारं पान रिकामं राहिलं, की हाताने टाइप करायला घेऊ नका. तिथेच थांबा आणि पत्ता वाचा.

इथे कारखान्यातली एक खास चूक दाखवायला हवी. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बाबा एक मेल बघायला क्रोममध्ये आपलं खातं उघडतात. ‘सिंक चालू करायचं?’ या प्रश्नाला होकार देतात. आता घरातल्या फोनवर साठवलेले सगळे पासवर्ड त्या कॉम्प्युटरवर उतरले. तिथे बिलं करणारे मेहताजी बसतात, टॅलीवाला येतो, कधी मालक नसताना शेजारच्या कारखान्यातला मुलगाही प्रिंट काढायला येतो. कुणाच्या मनात पाप असेलच असं नाही, पण दार उघडं आहे. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात ‘तुमची डिव्हाइसेस’ ही यादी असते. तिथे तो कॉम्प्युटर दिसला, की तिथूनच साइन आउट करता येतं.

पाचवा प्रसंग ताईचा. अर्ज भरायला ती ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात जाते. गर्दी असते. दुकानदार पटकन तिच्या नावाने ईमेल बनवतो, पासवर्ड नाव आणि `@123`, आणि ओटीपी लवकर यावा म्हणून रिकव्हरीचा नंबर स्वतःचा टाकतो. त्याला फसवायचं नसतं, रांग हलवायची असते. पण ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं की कोड ज्या नंबरवर जातो, त्या नंबरवाल्याच्या हातात ते खातं असतं. ताईने नंतर कितीही भक्कम पासवर्ड ठेवला तरी यात फरक पडत नाही. शिवाय बँक, प्रवेश, शॉपिंग, सगळ्यांचे ‘विसरलो’चे मेल याच ईमेलवर येतात. म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या ईमेलला रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल कोणाचा आहे ते उघडून पाहायचं आणि पासवर्ड घरी येऊन बदलायचा.

बाबांचा जुना नंबर हीसुद्धा याच प्रसंगातली गोष्ट. बंद झालेला मोबाइल नंबर किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. 2023 मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. रिचार्ज सोडून दिलेला नंबर कुठल्या खात्याला जोडलेला राहिला, तर त्या खात्याचे कोड उद्या अनोळखी माणसाला जातील. नंबर सोडण्याआधी तो सगळीकडून काढायचा.

सहावा प्रसंग अगदी छोटा ठेवावा. आत्याच्या व्हॉट्सअॅपवरून आईला मेसेज येतो, “वहिनी, चुकून तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड आलाय, पाठवता का?” आई पाठवते, आणि काही क्षणांत तिचं व्हॉट्सअॅप बंद होतं. तो कोड आईचंच खातं दुसऱ्या फोनवर उघडण्याचा होता. आत्याचं खातं आधीच गेलेलं होतं. यावर उपाय म्हणजे व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन इथे जाऊन स्वतःचा सहा आकडी पिन लावणं, आणि तिथेच ईमेलही देणं. मग कोड गेला तरी पिनवाचून खातं उघडत नाही. जीमेललाही दुसरी पायरी लावायची. पण या पायरीची मर्यादा स्पष्ट सांगावी: कोड आणि पिन दोन्ही आपणच बोलून दाखवले, तर ती काहीच वाचवत नाही. मेसेजवर कोणी कोड मागितला, तर त्या माणसाला फोन करायचा आणि आवाज ऐकायचा.

शेवटच्या फ्रेममध्ये सल्ला नको, नंबर हवा. पैसे गेल्याचं लक्षात आलं तर लगेच 1930 वर फोन करायचा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवायची. फोन करताना हाताशी ठेवायचं ते एवढंच: बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, पैसे गेल्याची तारीख आणि वेळ, रक्कम, आणि यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक. 1930 वरून कोणीही तुमचा पासवर्ड, पिन किंवा ओटीपी मागत नाही.